आभाळ आलं आणि भात उचललं: न बोललेलं कसं कळतं?

मुळशी तालुक्यातल्या भरे गावी दिवाळीनंतरची एक दुपार डोळ्यांसमोर आणा. भाताची झोडणी झाली आहे आणि अंगणात ताडपत्रीवर भात वाळत पडलं आहे. काकी घरात काम करताहेत. तेवढ्यात शेजारीण आपल्या ओट्यावरून हाक देते, “अहो काकी, आभाळ आलंय!” काकी हातातलं काम टाकून बाहेर येतात, पोराला हाक मारतात आणि दोघं मिळून ताडपत्रीची टोकं उचलून भात गोळा करायला लागतात.

शेजारीण नेमकं काय बोलली ते पुन्हा पाहा. तिच्या वाक्यात भाताचा उल्लेख नाही, पावसाचा नाही. ‘उचला’ असं ती म्हणाली नाही, ‘लगेच’ असंही म्हणाली नाही. ती फक्त आभाळाबद्दल बोलली. तरी काकींना सगळं कळलं, आणि शेजारणीला जे कळवायचं होतं तेच कळलं. हेच वाक्य तिने जूनच्या पहिल्या आठवड्यात म्हटलं असतं, तर त्याचा अर्थ रोपासाठी भात पेरण्याच्या तयारीकडे गेला असता. मार्चमध्ये म्हटलं असतं, तर काकी गच्चीवरच्या कुरडया काढायला धावल्या असत्या.

शब्द तेच असताना ऐकणारा दर वेळी वेगळ्या आणि बहुतेक वेळा बरोबर अर्थापर्यंत पोचतो कसा? या प्रश्नाचं एक नेमकं उत्तर डॅन स्पर्बर हे फ्रेंच अभ्यासक आणि डिअर्ड्रे विल्सन या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ यांनी 1986 साली एका ग्रंथात मांडलं. ते ‘रेलेव्हन्स थिअरी’ म्हणून ओळखलं जातं. मराठीत आपण त्याला प्रस्तुतता सिद्धान्त म्हणू.

## प्रश्न जुनाच आहे

बोललेल्या शब्दांपलीकडे अर्थ असतो, हे आपल्याकडे फार पूर्वी ओळखलं गेलं होतं. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ हा ग्रंथ लिहिला. पुण्यातल्या संस्कृत अभ्यासकांना तो चांगला परिचयाचा आहे. वामनाचार्य झळकीकर यांची त्यावरची ‘बालबोधिनी’ टीका भांडारकर संस्थेने प्रकाशित केली आहे. मम्मट तिथे एक साधं वाक्य घेतो: सूर्य मावळला. मग तो दाखवतो, की हे वाक्य सेनापतीला शत्रूवर चाल करायची वेळ झाल्याचं सांगतं, गुराख्याला गाई घरी आणायला सांगतं, कष्टकऱ्याला काम थांबवायला सांगतं आणि दुकानदाराला माल आवरायला. कोण बोलतं, कोणाशी आणि कोणत्या प्रसंगी, यावर सूचित अर्थ बदलतो.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात या प्रश्नाला नवी दिशा पॉल ग्राइस यांनी 1967 साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांनी मिळाली. त्यांचं म्हणणं असं, की संवाद हे सहकार्य आहे. खरं बोलावं, पुरेसं बोलावं, विषयाला धरून बोलावं आणि स्पष्ट बोलावं, असे काही संकेत आपण गृहीत धरलेले असतात. कोणी वरवर यातला एखादा संकेत मोडला, की ऐकणारा विचार करतो: हा सहकार्य करतोय हे नक्की, म्हणजे याला आणखी काही सांगायचं असणार.

पण एक अडचण उरली. ‘आभाळ आलंय’ यातून निघू शकणारे निष्कर्ष असंख्य आहेत. आज सूर्यास्त दिसणार नाही, सौरपंप कमी चालेल, शेजारीण ओट्यावर उभी आहे, तिची नजर चांगली आहे. हे सगळे निष्कर्ष खरे आहेत. मग काकींचं मन यातला एकच का उचलतं, आणि तिथेच का थांबतं? स्पर्बर आणि विल्सन यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला.

## लाभ आणि कष्ट

त्यांच्या उत्तरात मोजायच्या गोष्टी दोनच आहेत. एक, ऐकलेल्या गोष्टीतून मनाला मिळणारा लाभ. दुसरी, तो मिळवायला मनाला पडणारे कष्ट.

लाभ तीन प्रकारे होतो. पहिला प्रकार म्हणजे आधीची माहिती आणि नवी माहिती जुळून असा निष्कर्ष निघणं, जो दोन्हींतल्या एकीतूनही निघाला नसता. ‘भात अंगणात आहे’ हे काकींना माहीत होतं आणि ‘आभाळ आलंय’ हे आत्ता कळलं. दोन्ही एकत्र आल्यावरच ‘भात भिजेल’ हे निघतं. दुसरा प्रकार म्हणजे मनातल्या शंकेला बळकटी मिळणं. सकाळपासून उकडतंय, पाऊस येईल की काय, असं काकींना वाटत असेल तर ते आता पक्कं झालं. तिसरा म्हणजे चुकीची समजूत गळून पडणं: आज दिवसभर ऊन राहील असं त्यांनी धरलं असेल तर ते सोडून द्यावं लागलं.

कष्टही अनेक कारणांनी वाढतात. अनोळखी शब्द, लांबलचक वाक्य, आणि लागणारी माहिती स्मरणात फार खोल असणं, ही त्यातली मुख्य कारणं. कष्ट म्हणजे काय हे दाखवायला या दोघांनी वापरलेल्या युक्तीसारखी तीन वाक्यं पाहू. चक्की चालवणाऱ्याला कोणी सांगितलं:

- आज कधीतरी वीज जाणार आहे.
- आज दुपारी दोन ते चार वीज जाणार आहे.
- आज दुपारी दोनपासून सात गुणिले सात उणे पंचेचाळीस वाजेपर्यंत वीज जाणार आहे.

तिन्ही वाक्यं त्याच्या उपयोगाची आहेत. पण पहिल्यापेक्षा दुसऱ्यातून लाभ जास्त, कारण दळण कधी उरकायचं ते ठरवता येतं. तिसऱ्यातून लाभ दुसऱ्याइतकाच, पण आकडेमोड करावी लागते. म्हणून दुसरं वाक्य सगळ्यांत प्रस्तुत. लाभ वाढला की प्रस्तुतता वाढते, कष्ट वाढले की ती घटते. बाकी सगळा सिद्धान्त यावरच उभा आहे.

## बोलणं हेच एक आश्वासन

इथून सिद्धान्त दोन विधानं करतो. पहिलं मनाबद्दल आहे. माणसाचं मन मुळातच कमी कष्टांत जास्त लाभ देणाऱ्या गोष्टींकडे वळतं. अंगणात शंभर आवाज होत असतात, पण गाय दाव्यातून सुटल्याचा आवाज काम करता करताही कानात शिरतो.

दुसरं विधान संवादाबद्दल आहे आणि तेच जास्त महत्त्वाचं. कोणी मुद्दाम आपल्याला उद्देशून बोलतं, तेव्हा त्या बोलण्यातच एक आश्वासन दडलेलं असतं: ‘मी तुमचं लक्ष मागतोय, तर माझं बोलणं त्या लक्षाच्या मोलाचं आहे. आणि मला जमेल व सांगावंसं वाटेल त्या मर्यादेत मी ते तुम्हाला सोपं करूनच सांगतोय.’ शेजारीण स्वतःशी पुटपुटली असती तर हे आश्वासन नव्हतं. तिने काकींना उद्देशून हाक मारली, म्हणून ते आलं.

हे आश्वासन हाती असलं की ऐकणाऱ्याचं काम फार सोपं होतं. त्याने सुचतील ते अर्थ सुचतील त्या क्रमाने तपासायचे आणि लक्ष दिल्याचं मोल भरून देणारा पहिला अर्थ मिळाला की थांबायचं. उन्हात चालणारा वाटसरू रस्त्यातलं सगळ्यांत दाट झाड शोधत बसत नाही. पुरेशी सावली देणारं पहिलं झाड दिसलं की त्याखाली बसतो. मनही तसंच करतं. पण पहिल्याच अर्थावर थांबणं बरोबर का ठरतं? कारण बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याचे कष्ट वाचवायचं आश्वासन दिलं आहे. त्याच्या मनात दुसरा, दूरचा अर्थ असता, तर जवळचा अर्थ आडवा येऊ नये म्हणून त्याने वेगळे शब्द निवडले असते.

## काकींच्या मनात काय घडलं

आता हीच पद्धत अंगणात चालवून पाहू. हे सगळं क्षणभरात, नकळत घडतं. आपण ते समजून घेण्यासाठी उलगडतो आहोत.

सुरुवात शब्दांच्या उघड अर्थापासून होते, आणि तिथेही भर घालावी लागते. कुठे आभाळ आलंय? इथे, भऱ्यात. कधी? आत्ता. कसलं? पावसाचं काळं, नुसतं पांढरं पुंजकेदार नव्हे. यातलं काहीच वाक्यात नाही. म्हणजे न बोललेलं ओळखण्याचं काम सूचित अर्थापर्यंत पोचण्याआधीच सुरू झालेलं असतं. या भर घातलेल्या उघड अर्थाला आपण पुरा केलेला अर्थ म्हणू.

मग मन त्याला जुळणारी माहिती शोधतं. आज काकींच्या मनात सगळ्यांत वर काय आहे? वाळत घातलेलं भात. भात साठवायचं तर दाण्यातला ओलावा साधारण 14 टक्क्यांच्या आत यावा लागतो. ओलं भात पोत्यात भरलं तर गरम होऊन त्याला बुरशी धरते. वाळत आलेला दाणा पुन्हा भिजला तर त्याला आतून तडे जातात आणि गिरणीत अख्ख्या तांदळाऐवजी कणी जास्त निघते. काकी हे टक्केवारीत मांडणार नाहीत, पण भिजलेल्या भाताचं काय होतं हे त्यांना पुरेपूर ठाऊक आहे. त्यामुळे ‘भात भिजेल’ हा निष्कर्ष जवळजवळ फुकटात हाती येतो आणि त्याचा लाभ मोठा असतो, कारण वर्षभराचं धान्य त्यावर अवलंबून आहे. त्यापाठोपाठ ‘भात उचलायला हवं’ आणि ‘शेजारणीला हेच सांगायचं होतं’ हेही येतं.

इथे अपेक्षा पूर्ण झाली. हाक मारून काम थांबवण्याइतकं मोल मिळालं. म्हणून मन थांबतं. सूर्यास्त दिसणार नाही हा निष्कर्ष कदाचित खरा असेल, पण तेवढ्यासाठी कोणी हाक मारणार नाही. तो मोल भरून देत नाही आणि तोवर मनाचा शोधही संपलेला असतो.

यात एक बारकावा आहे. ‘पावसाचं काळं आभाळ’ ही भर आधी पडली आणि ‘भात भिजेल’ हा निष्कर्ष नंतर निघाला, असंच घडेल असं नाही. हाक ऐकताच मनात भात आलं असेल आणि त्यावरूनच ‘म्हणजे पावसाचं आभाळ’ अशी भर पडली असेल. पुरा केलेला अर्थ आणि सूचित अर्थ एकमेकांना आधार देत जागेवर बसतात. सिद्धान्त याला क्रमाने चढायच्या पायऱ्या मानत नाही.

> चौकट: थोडक्यात
>
> लाभ: नवा निष्कर्ष, शंकेला बळकटी, किंवा चुकीची समजूत दूर होणं.
>
> कष्ट: शब्द समजणं, आठवणं, निष्कर्ष काढणं यांसाठी मनाला पडणारं काम.
>
> आश्वासन: मुद्दाम बोललेलं वाक्य ऐकणाऱ्याच्या लक्षाचं मोल भरून देईल.
>
> पद्धत: सुचतील त्या क्रमाने अर्थ तपासा. मोल भरून देणारा पहिला अर्थ मिळाला की थांबा.

## सरळ ‘नाही’ का म्हणत नाही?

कमी कष्ट हेच सगळं असतं, तर माणसं आडून का बोलतात? संध्याकाळी आलेल्या पाहुण्याला घरची बाई म्हणते, “पाव्हणं, आता जेवूनच जा.” पाहुणा म्हणतो, “वहिनी, शेवटची गाडी आठला हाय.” त्याने ‘नाही’ म्हटलं असतं तर काम एका शब्दात झालं असतं. त्याऐवजी वहिनींना मधली कडी स्वतः जोडावी लागते: जेवायला थांबलं की गाडी चुकणार, गाडी चुकली की घरी जाता येणार नाही, म्हणून हा थांबू शकत नाही.

सिद्धान्ताचं उत्तर असं: बोलणाऱ्याने जास्तीचे कष्ट घ्यायला लावले, तर त्यांच्या बदल्यात जास्तीचा लाभ द्यायलाच हवा. वहिनी तो शोधतात आणि त्यांना तो मिळतो. नकाराबरोबर कारण कळलं. नकार घराला किंवा जेवणाला नाही, अडचण गाडीची आहे, हे कळलं. गाडीची अडचण नसती तर तो थांबला असता, असाही अर्थ त्यात आहे. नुसत्या ‘नाही’तून यातलं काहीच मिळालं नसतं, उलट मनाला लागलं असतं. बोलण्यातली अदब अशा जास्तीच्या लाभांतूनच तयार होते.

हे सगळे सूचित अर्थ सारख्याच ताकदीचे नाहीत. ‘थांबू शकत नाही’ हा भक्कम सूचितार्थ आहे. तो काढल्याशिवाय उत्तराला उत्तरपणच येत नाही, म्हणून त्याची जबाबदारी पाहुण्याची. ‘पुढच्या वेळी नक्की जेवेन’ हा मात्र हलका सूचितार्थ आहे. उत्तरात त्याला वाव आहे, पण तो घेतला तर निम्मी जबाबदारी वहिनींची. उद्या पाहुणा ‘मी तसं म्हणालोच नव्हतो’ म्हणाला, तर पहिल्या अर्थाबाबत आपण ते ऐकून घेणार नाही, दुसऱ्याबाबत ऐकून घ्यावं लागेल.

## हे खरं कशावरून?

मनातले कष्ट डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून त्यांचा माग काढायला प्रयोग रचावे लागले. त्यातला एक फार साधा आहे. जाँ-बातिस्त व्हान देर हेन्स्त, लॉर कार्ल आणि स्पर्बर यांनी तो 2002 साली प्रसिद्ध केला. अनोळखी लोकांना नुसतं विचारायचं, किती वाजले? काट्यांचं घड्याळ असलेले जवळपास सगळेजण पाचाच्या पटीत वेळ सांगत. यावर म्हणता येईल, की काटे वाचायला तेच सोपं असतं. पण अंकांचं घड्याळ असलेले लोकही निम्म्याहून अधिक वेळा आकडा गोळा करूनच सांगत. समोर 3:08 लिहिलेलं असताना ‘तीन दहा’ म्हणायला बोलणाऱ्यालाच जास्त कष्ट पडतात. मग ते कोणासाठी घेतले? ऐकणाऱ्यासाठी. सोपा आकडा लक्षात ठेवायला हलका आणि त्यातून मिळणारा लाभ तेवढाच.

पुढे विचारणाऱ्यांनी आपली साडेतीनला भेट ठरल्याचंही सांगून पाहिलं. ती वेळ जवळ आली असताना विचारलं, तेव्हा लोक अधिक वेळा मिनिटासकट वेळ सांगू लागले. आता एकेका मिनिटातून काहीतरी निष्कर्ष निघत होता. नियम खरं बोलण्याचाच असता, तर लोकांनी नेहमीच मिनिट सांगितलं असतं.

दुसरा प्रयोग ‘काही’ या अर्थाच्या शब्दाबद्दल आहे. ‘काही पोती वाळली’ असं कोणी म्हटलं, की आपण ‘सगळी नाही’ असं धरतो. तर्काने पाहिलं तर सगळी वाळली असतानाही ‘काही वाळली’ खोटं ठरत नाही. ‘सगळी नाही’ हा भाग आपोआप येतो, की त्यासाठी मनाला काम पडतं? लुईस बॉट आणि आयरा नोव्हेक यांनी 2004 साली ‘काही हत्ती सस्तन प्राणी आहेत’ अशा धर्तीची वाक्यं लोकांपुढे ठेवून ती खरी की खोटी ते विचारलं. ‘सगळे नाहीत’ असा अर्थ घेऊन ‘खोटं’ म्हणायला लोकांना जास्त वेळ लागला. उत्तरासाठी वेळ कमी दिला, तेव्हा जास्त लोक तार्किक अर्थावरच थांबले. सूचितार्थ फुकट मिळत नाही, त्यासाठी मनाला काम पडतं, या म्हणण्याला यातून आधार मिळाला. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत मात्र असा उशीर सारखा दिसलेला नाही. तो वाद अजून चालू आहे.

## कुठे चुकतं आणि मर्यादा कोणत्या

पहिल्या पुरेशा अर्थावर थांबण्याची ही पद्धत चुकूही शकते. बोलणाऱ्याला जे जवळचं वाटतं ते ऐकणाऱ्याच्या मनात जवळ नसलं, की गाडी घसरते. काकींनी पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला फोनवर ‘आभाळ आलंय रे’ म्हटलं, तर तो म्हणेल, “मग?” त्याच्या मनात भात वर नाही, ऑफिसचं काम वर आहे. हा ‘मग?’ नीट ऐकावा. शब्द कळले पण लाभ मिळाला नाही, आश्वासन पुरं झालं नाही, अशी ती तक्रार असते. त्याहून अवघड प्रकार म्हणजे ऐकणाऱ्याला चुकीचा पण पुरेसा अर्थ मिळणं. मुलगा ‘बरं, मग मी आज गावी येत नाही’ म्हणाला, तर त्याचा शोध समाधानाने थांबलेला असतो. त्याच्या पुढच्या बोलण्यातून किंवा कृतीतूनच चूक उघडी पडते.

सिद्धान्ताची मोठी मर्यादा अशी, की लाभ आणि कष्ट यांना एकक नाही. अमुक अर्थाला इतके कष्ट पडले, असं किलोत किंवा सेकंदांत सांगता येत नाही, तुलना तेवढी करता येते. त्यामुळे टीकाकार म्हणतात, की जो अर्थ घेतला गेला त्यालाच मागाहून ‘स्वस्त’ ठरवता येईल आणि सिद्धान्त कधी चुकणारच नाही. हा आक्षेप वजनदार आहे. त्याला खरं उत्तर वर पाहिलेल्या प्रयोगांसारखंच द्यावं लागतं: आधी एक परिस्थिती बदलायची, अर्थ कुठल्या दिशेने सरकेल याचं भाकीत करायचं आणि मग पाहायचं.

## संदेश लिहिणाऱ्याने काय घ्यावं

हवामानाच्या अंदाजात आपण वाचतो: तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता. हवामान विभागाच्या परिभाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या एक चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर पाऊस. वाक्य अचूक आहे. पण भऱ्याच्या शेतकऱ्याला आधी ही परिभाषा माहीत हवी, मग माझं गाव त्या चतुर्थांशात येईल का याचा अदमास बांधायला हवा, आणि मग भाताचं काय करायचं ते ठरवायला हवं. कष्ट मोठे आणि लाभ धूसर, म्हणून नजर पुढच्या बातमीकडे सरकते. याचा अर्थ वाचणारा अडाणी किंवा बेफिकीर आहे असा नाही. त्याचं मन, जसं सगळ्यांचं चालतं, तसंच चालतं आहे.

म्हणूनच शेतकऱ्यांसाठीच्या कृषी हवामान सल्ल्यात अंदाजाबरोबर पिकाचं काम जोडलेलं असतं. ‘उद्या दुपारनंतर पाऊस येऊ शकतो. वाळत घातलेलं भात सकाळीच आडोशाला घ्या,’ असं लिहिलं, तर मधल्या पायऱ्या लिहिणाऱ्याने स्वतः चढलेल्या असतात. शेजारणीला ते करावं लागलं नाही, कारण तिला समोरचं अंगण दिसत होतं आणि काकींच्या मनात काय आहे तेही ठाऊक होतं. ज्याला वाचणाऱ्याचं अंगण दिसत नाही, त्याने जास्त शब्द खर्च करावेत. किती करावेत याचं माप एकच: वाचणारा ‘मग?’ म्हणणार नाही, इतके.